‘मेल मिळाला का, सर?’

आज ब्रॉडकास्ट यादीवर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे, कारण भोसरीहून आलेलं एक पत्र चार दिवस डोक्यातून जात नाहीये.

पत्र लिहिणाऱ्या ताईंचा पुठ्ठ्याचे बॉक्स बनवायचा कारखाना आहे. चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीला त्यांनी फाइव्ह प्लाय बॉक्सचं कोटेशन मेल केलं. तासाभरानं फोन केला, ‘मेल मिळाला का, सर?’ परचेसचे साहेब म्हणाले, ‘बघतो.’ संध्याकाळी ताईंनी तीच पीडीएफ व्हॉट्सअॅपवर टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी निळ्या टिका दिसल्या, म्हणून लगेच पुन्हा फोन. तो उचलला गेला नाही, आणि त्यानंतरचे फोनही नाहीत. ताई विचारतात, ‘दोन दिवसांत दोनच फोन केले. याला मागे लागणं म्हणायचं का?’

त्या दोन दिवसांत फोन दोनच होते, हे खरं. पण साहेबांच्या बाजूनं मोजलं तर दारावर चार थापा पडल्या, आणि पहिली सोडता एकीतही नवं काही नव्हतं. माणूस फोनांच्या संख्येनं वैतागत नाही. तेच तेच तीन वाटांनी आलं की वैतागतो.

‘मेल मिळाला का’ या प्रश्नाची खोड अशी की त्याचं उत्तर देऊन समोरच्याला काहीच मिळत नाही. ‘मिळाला’ म्हटलं तर पुढे ‘मग काय ठरलं?’ येणार, हे त्याला ठाऊक असतं. म्हणून तो ‘बघतो’ म्हणून सुटका करून घेतो. मेल पोचला की नाही हे आपल्याला कळायला हवं, हे मान्य. पण ते वेगळ्या प्रश्नातून आपोआप कळतं.

ताईंच्याच कोटेशनवर हे करून पाहू. मेल मंगळवारी सकाळी जातो. सोबत कोटेशन, दर किती दिवस टिकेल ते, आणि मजकुरात एकच प्रश्न: ‘एका बॉक्समध्ये माल किती किलो भरणार? आम्ही 18 किलो धरून कागद ठरवला आहे.’ हा प्रश्न उगाच घातलेला नाही. वजन बदललं की कागदाचा जीएसएम आणि बॉक्सची बर्स्टिंग स्ट्रेंथ बदलते, पर्यायानं दरही. शेवटी एक ओळ: ‘गुरुवारी तीननंतर एक फोन करीन. वेळ सोयीची नसेल तर कळवा.’

गुरुवारी तीननंतर फोन करायचा. बुधवारी नाही आणि शुक्रवारीही नाही. फोनवर बोलायचं ते असं: ‘नमस्कार सर, मंगळवारी बॉक्सचं कोटेशन पाठवलं होतं. त्यात वजन 18 किलो धरलंय, ते बरोबर आहे ना?’ साहेबांनी मेल पाहिला असेल तर ते आकडा सांगतील. नसेल पाहिला तर ‘थांबा, उघडतो’ म्हणतील. पोचल्याची खात्री झाली आणि ती विचारावीही लागली नाही. शिवाय बोलणं दरावर न जाता मालावर गेलं, आणि तिथे ताईंना साहेबांपेक्षा जास्त कळतं.

फोन उचलला नाही तर? लगेच दुसरा लावायचा नाही. अनोळखी नंबरचे दोन मिस्ड कॉल पाहिले की माणसाला वसुली तरी आठवते नाही तर क्रेडिट कार्ड. त्याऐवजी पाच मिनिटांत व्हॉट्सअॅपवर दोन ओळी टाकायच्या: आपलं नाव, कंपनीचं नाव, आणि ‘मंगळवारच्या कोटेशनमधल्या वजनाबद्दल फोन केला होता. सोमवारी सकाळी पुन्हा करते.’ पीडीएफ जोडायची नाही, ‘प्लीज रिप्लाय’ही नाही. या निरोपाचं काम मिस्ड कॉलला नाव देणं, एवढंच. तोही साहेबांनी स्वतः दिलेल्या किंवा त्यांच्या कार्डावर छापलेल्या नंबरावरच. गेटवरून किंवा स्टोअर्समधून मिळवलेल्या नंबरावर व्हॉट्सअॅप करणं म्हणजे ऑफिसचं काम घेऊन एखाद्याच्या घरी जाणं. असा नंबर असेल तर कंपनीच्या लँडलाइनवरून एक्स्टेन्शन मागावं.

साहेबच म्हणाले, ‘व्हॉट्सअॅपवर टाका,’ तर मात्र तीच पीडीएफ, त्याच नावानं टाकावी. बहुतेक घोळ इथे होतात. फोनवर घासाघीस होते, ताई पन्नास पैसे कमी करतात आणि नवा दर घाईघाईत व्हॉट्सअॅपवर लिहून टाकतात. मेलमध्ये जुनाच राहतो. परचेसवाला तीन पुरवठादारांचे दर शेजारी मांडून वरिष्ठांकडे तक्ता नेतो, तेव्हा तो मेलमधला कागद काढतो, कारण ऑडिटला तोच दाखवायचा असतो. तक्त्यात जुना दर चढला की कमी करूनही ऑर्डर जाते. म्हणून बोलणं कुठेही होवो, दर बदलला की त्याच दिवशी जुन्या मेललाच उत्तर म्हणून नवं कोटेशन जायला हवं: कोटेशन नंबरापुढे R1, आणि पहिली ओळ ‘आजच्या फोनवरील बोलण्याप्रमाणे’. विषयाची ओळ बदलायची नाही, म्हणजे सगळा व्यवहार एका धाग्यात राहतो.

आता निळ्या टिकांबद्दल. टिका निळ्या होताच फोन करणं म्हणजे ‘तुम्ही वाचलंत हे मी पाहत होते’ असं सांगणं. तो फोन कितीही नम्र असला तरी पाळत ठेवल्यासारखाच वाटतो. मेल उघडल्याचं सांगणाऱ्या साधनांवर तर विसंबूच नका. ती मेलमधल्या एका अदृश्य चित्रावर चालतात, आणि 2021 पासून अॅपलच्या मेल अॅपमध्ये गोपनीयतेची सोय चालू असेल तर माणसानं मेल उघडला नसला तरी ते चित्र उतरवलं जातं. तुम्हाला ‘उघडला’ दिसतं, आणि साहेब अजून लाइनवर असतात.

राहिला सगळ्यात महत्त्वाचा नियम, जो मी चुकून शिकलो. बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्याकडे मेल मी पाठवायचो आणि मेसेज माझा सहकारी. एका गिऱ्हाइकानं त्याला मेसेजवर कळवलं, ‘बजेट एप्रिलनंतर, तेव्हा बोलू.’ सहकाऱ्यानं ‘ओके सर’ म्हटलं आणि विषय त्याच्या फोनमध्येच राहिला. दोन दिवसांनी मी फोन केला, ‘आमच्या कोटेशनवर काही विचार झाला का?’ पलीकडून शांतपणे प्रश्न आला, ‘तुमच्या कंपनीत किती जण आहेत?’ एप्रिल आला, ऑर्डर दुसरीकडे गेली.

तेव्हापासून टेबलावर एक वही आहे. एका गिऱ्हाइकाला एक पान, त्यावर तारीख, वाट आणि समोरचा काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत. फोन उचलण्याआधी पान उघडायचं. उत्तर कुठल्याही वाटेनं आलं की बाकीच्या वाटांवर ठरलेलं सगळं थांबतं, आणि पुढची तारीख त्यानं सांगितलेलीच असते.

भोसरीच्या ताईंना माझा सल्ला: आता पंधरा दिवस फोन नको, व्हॉट्सअॅपही नको. नंतर त्याच मेलच्या धाग्यात एक छोटं उत्तर लिहा: 18 किलोच्या मालासाठी नमुन्याचे दोन बॉक्स तयार आहेत, हवे असल्यास स्टोअर्सला पोचवते. खरोखर तयार असतील तरच लिहा. काय झालं ते कळवाल का? उत्तर आलं नाही तरी कळवा.