कुत्र्याची सोय आधीच केली होती

चोरीच्या सिनेमात चोर बेत आखत फार वेळ बसलेले दिसत नाहीत. दोन वाक्यांत ठरतं आणि गाडी थेट फाटकापाशी येते. आतली तयारी प्रेक्षकाला मागाहून कळते. ‘स्पेशल 26’मध्ये तपास पथकात वावरणारा फौजदार खरा कोणाचा माणूस होता, हे कळतं ते अगदी शेवटी. (ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांची माफी.)

हेच टेबलाभोवती बसून खेळायचं म्हटलं की गाडं अडतं. फासे टाकत, बोलत बोलत गोष्ट रचायच्या रोलप्लेइंग गेममध्ये चोरी आली की खेळाडू नकाशावर वाकतात. छपरावरून जावं का? आणि तिथे पहारा असला तर? दीड तास यात जातो, आणि पहिल्याच दाराशी फासा उलटा पडून सगळा बेत पाण्यात जातो.

अमेरिकन गेम डिझायनर जॉन हार्पर यांनी 2017 साली आलेल्या ‘ब्लेड्स इन द डार्क’मध्ये या चर्चेलाच कात्री लावली. डॉस्कव्होल नावाच्या कायम अंधारात बुडालेल्या शहरातली एक टोळी म्हणजे खेळाडू. टोळीने फक्त बेताचा प्रकार निवडायचा: हल्ला, फसवणूक, लपूनछपून शिरणं असे सहा प्रकार आहेत. त्यासोबत एकच तपशील सांगायचा. लपून शिरायचं असेल तर कुठून, एवढंच. अंगावर ओझं हलकं, मध्यम की जड, तेही आधी सांगायचं. त्या ओझ्यात दोर आहे की पहार, हे गरज पडेल तेव्हा ठरवायचं. मग सुरुवातीचे फासे पडतात आणि प्रसंग मधूनच सुरू होतो.

समजा, एका उमरावाच्या वाड्यातून हिशेबाची वही पळवायची आहे. टोळी म्हणते, लपून जाऊ, कोळसा टाकायच्या झरोक्यातून. नशिबाचा एक फासा मिळतोच. पहारा कधी बदलतो ते ठाऊक असल्याने आणखी एक मिळतो. त्यातला मोठा आकडा धरायचा. तो येतो 4. 6 आला असता तर टोळी निवांत आत असती, 3च्या आत असता तर पेचात. 4 म्हणजे मामला जोखमीचा. खेळ चालवणारा, म्हणजे गेम मास्टर, सांगतो: ‘तुम्ही तळघरात उतरलाय. जिन्याखाली एक राखणीचा कुत्रा मान वर करून बघतोय.’

एक खेळाडू म्हणते, ‘फ्लॅशबॅक. गेले चार दिवस मी मागच्या गल्लीतून याला पाव घालतेय.’

गेम मास्टर क्षणभर विचार करतो आणि किंमत सांगतो: एक ताण. प्रत्येक पात्राकडे ताणाची नऊ घरं असतात. ती भरली की पात्र त्या कामगिरीतून बाहेर पडतं आणि मनावर कायमचा एक ओरखडा घेऊन परततं. सहज जमण्यासारखी तयारी, उदाहरणार्थ ओळखीच्या गाडीवानाला गल्लीत थांबायला सांगणं, फुकट असते. जरा खटपटीच्या गोष्टीला एक आणि फार गुंतागुंतीच्या कारस्थानाला दोन किंवा जास्त ताण पडतो. ताण मोजला म्हणजे काम झालंच असंही नाही. तयारी फसण्याजोगी असेल तर त्यासाठीही फासे टाकावे लागतात. इथे 5 येतो, म्हणजे काम होतं, पण काहीतरी अडकतं. कुत्रा भुंकत नाही; तो शेपूट हलवत तिच्या मागे मागे वर यायला लागतो.

खरी गंमत अशा अर्धवट यशात आहे, आणि नवे गेम मास्टर नेमके इथेच चुकतात. कोणी दर फ्लॅशबॅकला दोन-तीन ताण लावतो. मग खेळाडू घाबरून पुन्हा नकाशावर वाकतात. कोणी सगळं फुकटात देतो, आणि अडचण उभी राहण्याआधीच विरून जाते. त्याहून जास्त वेळा घडतं ते असं की संकट नीट मांडलंच जात नाही. ‘तुम्ही आत शिरता’ एवढ्यावर मागे जाऊन काय दाखवणार? अडचण आधी स्पष्ट दिसली पाहिजे आणि तिचा फटका बसण्याआधी खेळाडूला बोलायला वाव मिळाला पाहिजे. फ्लॅशबॅकही लांबू नये. दोन-चार वाक्यं आणि लागले तर फासे, एवढ्यात पुन्हा वाड्यात.

वहीच्या खोलीपाशी पहारेकरी उभा आहे. ‘त्याला मी कालच संपवलाय,’ असं दुसरा खेळाडू म्हणतो. हे चालत नाही. जे टेबलावर घडून गेलं ते फ्लॅशबॅकने पुसता येत नाही, आणि पहारेकरी तर समोर जिवंत उभा आहे. मात्र तो तिथे का उभा आहे, हे अजून कोणीच सांगितलेलं नाही. त्या मोकळ्या जागेत पहिली खेळाडू शिरते: ‘त्याची जुगाराची उधारी गेल्या आठवड्यात मी सावकाराकडून विकत घेतली. आज इथे कोण उभं राहणार, ते त्याच्याकडूनच मला कळलं.’

दोन ताण. फासे पडतात आणि 6 येतो. पहारेकरी भिंतीकडे तोंड करून चिलीम पेटवू लागतो. या कामगिरीला येतानाच तिची चार घरं भरलेली होती, आता सात झाली. वही हातात आहे, बाहेर पडायचं बाकी आहे, आणि कुत्रा पावाची वाट बघत दारातच बसलाय.