परिपत्रक असे लिहा की शंकाच उरू नये

‘विद्यार्थ्यांनी आवश्यक साहित्यासह वेळेवर उपस्थित राहावे. गैरप्रकार आढळल्यास योग्य ती कारवाई केली जाईल.’ सहामाही परीक्षेच्या परिपत्रकात असे वाक्य हमखास सापडते. पण कॅल्क्युलेटर आवश्यक साहित्यात येतो का? ‘वेळेवर’ म्हणजे घंटेआधी किती? योग्य कारवाई कोणती? प्रत्येक पर्यवेक्षक आपापला अर्थ लावतो आणि एकाच चुकीला दोन वर्गांत दोन न्याय मिळतात.

तेच परिपत्रक असे लिहिता येईल:

‘सोबत आणा: ओळखपत्र, निळे किंवा काळे पेन, पेन्सिल, कंपासपेटी. याखेरीज काहीही वर्गात नेता येणार नाही. मोबाइल व स्मार्ट घड्याळ बंद असले तरी चालणार नाही.

१०.३० वर्गात बसा. १०.५० प्रश्नपत्रिका मिळेल, फक्त वाचा. ११.०० लिहायला सुरुवात. ११.३० नंतर प्रवेश नाही. उशिरा आलेल्यांना वाढीव वेळ नाही. २.०० पेपर संपेल.

मोबाइल जवळ सापडल्यास जमा होईल व पालकांनाच परत मिळेल. कॉपी सापडल्यास त्या विषयाला शून्य गुण.’

शिक्षा चुकीशेजारीच लिहिल्यामुळे ‘योग्य ती’ हा शब्दप्रयोग लागतच नाही. मात्र दहावी-बारावीच्या बोर्ड परीक्षेला मंडळाचेच नियम लागू होतात. शाळेने त्यात बदल करू नये.

छापण्यापूर्वी मसुदा सहावीतल्या मुलाला वाचायला द्यावा आणि विचारावे, ‘११.२० ला आलास तर काय होईल?’ तो अडखळला, तर वाक्य बदलावे.