६४० कार्पेट, पश्चिमेचं ऊन

‘कोथरूडमध्ये प्रशस्त टू बीएचके, ९५० चौ. फूट, मेट्रो पाच मिनिटांवर, पार्किंगसह, रेरा अप्रूव्ह्ड. त्वरा करा!’

घर शोधणाऱ्या माणसाच्या व्हॉट्सॲपवर अशा ओळी दिवसाला दहा येऊन पडतात. यातलं धडधडीत खोटं काहीच नसतं, म्हणून कुणी तक्रारही करत नाही. पण फ्लॅट बघून आल्यावर नवराबायको जिना उतरता उतरता एकमेकांना विचारतात, ‘साडेनऊशे होते कुठे?’

तोच फ्लॅट सरळ शब्दांत मांडला तर जाहिरात कशी होईल? नमुन्यादाखल लिहून पाहू:

‘कोथरूड. टू बीएचके, रीसेल, घरमालक स्वतः राहतात. सात मजली इमारतीत तिसरा मजला, लिफ्ट आहे. भोगवटा प्रमाणपत्र २००८ चं. करारनाम्यानुसार कार्पेट ६४० चौ. फूट, बाल्कनी वेगळी ५५ चौ. फूट. दोन्ही बेडरूम पूर्वेला. हॉल आणि बाल्कनी पश्चिमेला. बाल्कनीतून टेकडी दिसते, एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर हॉल तापतो. सोसायटीने दिलेली एक झाकलेली पार्किंगची जागा. मेंटेनन्स महिना ३,२०० रुपये. जमिनीचं कन्व्हेयन्स अजून बाकी. आनंदनगर मेट्रो स्थानक चालत १४ मिनिटं. अपेक्षित किंमत ८९ लाख, बोलायला वाव आहे. ब्रोकरेज एक टक्का. रविवारी दिवसभर फ्लॅट दाखवू.’

मला तरी ही जाहिरात पहिलीपेक्षा जास्त ओढून घेते. सकाळचं ऊन बेडरूममध्ये येतं, टेकडी दिसते, स्टेशन खरोखरच चालण्याच्या अंतरावर आहे, एवढं फोन करण्याआधीच कळतं.

आता क्षेत्रफळाची गंमत. ९५० हा आकडा ‘सेलेबल’चा. कार्पेटमध्ये भिंती, बाल्कनी, जिना, लॉबी, लिफ्टची जागा यांचा वाटा मिळवून तो बनतो. किती मिळवायचं याला धरबंध नाही. ६४० वर जवळजवळ पन्नास टक्के चढवले की साडेनऊशे झाले. दर काढताना हाच आकडा एजंटच्या मदतीला येतो. ८९ लाखांना ९५० ने भागलं तर फुटाला साधारण ९,३७० रुपये पडतात, ६४० ने भागलं तर १३,९०० च्या वर. शेजारच्या बिल्डिंगमधला फ्लॅट कार्पेटवर सांगितलेला असेल आणि हा सेलेबलवर, तर हा उगाचच स्वस्त वाटतो. म्हणून दोन फ्लॅटची तुलना करायची ती कार्पेटवर, बाल्कनी बाजूला ठेवून.

कार्पेट मोजायलाही फार अक्कल लागत नाही, टेप पुरते. आपल्या फ्लॅटमध्ये हॉल १० बाय १७, किचन ८ बाय १०, मोठी बेडरूम ११ बाय १३, लहान १० बाय १२, टॉयलेट दोन, प्रत्येकी ४ बाय ७, आणि साडेतीन फुटी पॅसेज दहा फूट लांब. बेरीज होते ६०४. उरलेले ३६ फूट कुठे गेले म्हणून घाबरायचं कारण नाही. रेरा कायद्याच्या व्याख्येत बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि खुली गच्ची कार्पेटमध्ये येत नाहीत, पण आतल्या खोल्यांमधल्या भिंती येतात. ३६ फूट त्या भिंतींचे. मात्र तफावत साठ-सत्तर फुटांची निघाली तर बाल्कनी आत ओढली आहे का, ते बघायचं.

ते बघण्याची जागा म्हणजे छत. बाल्कनी बंद करून बेडरूम वाढवली असेल, तर जुन्या दाराच्या रेषेवर वरती आडवी बीम दिसते. पुष्कळदा तिच्यापलीकडची फरशी अर्धा-एक इंच खाली असते आणि कोपऱ्यात पावसाच्या पाण्याचं भोक बुजवलेलं सापडतं. पुण्यात अशा बंद बाल्कन्या गल्लोगल्ली आहेत. महापालिकेच्या मंजूर नकाशात ती बाल्कनीच असेल, तर जाहिरातीतही तिला बाल्कनीच म्हणायला हवं. दीड खोलीचा टू बीएचके असाच जन्माला येतो.

‘रेरा अप्रूव्ह्ड’ हा तर २००८ च्या इमारतीसाठी निव्वळ पोकळ शब्द. हा कायदा पूर्णपणे लागू झाला १ मे २०१७ ला. ज्या इमारतींचं पूर्णत्व प्रमाणपत्र त्याआधी आलं होतं, त्यांना प्रकल्प म्हणून नोंदणी लागतच नाही. मग जाहिरातीखाली छापलेला तो लांबलचक क्रमांक कसला? बहुतेक वेळा एजंटचा स्वतःचा. एजंटचे नोंदणी क्रमांक ‘ए’ने सुरू होतात, प्रकल्पाचे ‘पी’ने; महारेराच्या संकेतस्थळावर दोन्ही तपासता येतात. एजंटने क्रमांक दिला ही चांगलीच गोष्ट, पण तो क्रमांक त्या माणसाबद्दल सांगतो, भिंतींबद्दल नाही. या घराच्या बाबतीत मागायचे कागद वेगळे: भोगवटा प्रमाणपत्र, सूची क्रमांक दोन, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि थकबाकी नसल्याचा दाखला.

पार्किंगबद्दल नमुन्यात ‘सोसायटीने दिलेली’ असं मुद्दाम लिहिलं आहे. स्टिल्टमधली किंवा उघडी पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे वाटून दिलेली जागा सभासदालाही परस्पर दुसऱ्याला देता येत नाही. त्यामुळे ‘पार्किंगसह’ हे विकणाऱ्याने द्यायचं आश्वासनच नव्हे. नव्या सभासदाला तीच जागा मिळेल का, हे सेक्रेटरीकडून लेखी घ्यावं.

कन्व्हेयन्स बाकी आहे हे वाचून पुष्कळ लोक दचकतात आणि तेवढ्यासाठीच एजंट ते गाळतात. अर्थ इतकाच, की जमीन अजून सोसायटीच्या नावावर झालेली नाही. राज्यात असंख्य सोसायट्या याच अवस्थेत आहेत. फ्लॅटच्या खरेदीला सहसा त्याने अडत नाही, पण पुढे पुनर्विकास करायची वेळ आली की हाच कागद सगळ्यांना नडतो. जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण मिळवता येतं. सोसायटीने तो अर्ज केलाय का, हा विचारण्यासारखा प्रश्न.

आणि ८९ लाख म्हणजे ८९ लाख नव्हेत. पुणे शहरात मेट्रोचा एक टक्का धरून मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे ६ लाख २३ हजार. खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर एक टक्का कमी. शासनाचं रेडी रेकनरचं मूल्य करारातल्या किमतीपेक्षा जास्त निघालं तर शुल्क त्यावर. नोंदणी फी ३० हजार, ब्रोकरेज ८९ हजार. सव्वासात लाखांच्या वर इथेच गेले. बांधकाम पूर्ण झालेल्या, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या फ्लॅटच्या किमतीवर जीएसटी लागत नाही. कुणी मागितलाच तर कशावरचा, ते विचारावं.

एक चलाखी मात्र कुठल्याही टेपने पकडता येत नाही. ‘नवीन लिस्टिंग’ म्हणून आलेला फ्लॅट दोन महिन्यांपूर्वीच विकला गेलेला असतो. फोटो सुंदर, किंमत चार-पाच लाखांनी कमी. फोन केला की उत्तर ठरलेलं: ‘तो कालच गेला हो ताई, पण तसाच दुसरा दाखवतो, बजेट थोडं वाढवा.’ अशा वेळी फोनवर घरमालकाचं नाव विचारत बसू नका, ते कुणी सांगणार नाही. विचारा, की फ्लॅट कुठल्या तारखेला विक्रीला आला, चावी कुणाकडे आहे आणि आज संध्याकाळी सहाला बघता येईल का. खरा फ्लॅट हातात असलेला एजंट यावर वेळेची घासाघीस करतो. नसलेला तुमचं बजेट विचारतो.