दीर वाकतो, वीर वाकत नाही

वर्गात सांगितलेला विनोद मुले घरी जाऊन पुन्हा सांगतात, पण त्यात गुंफलेला नियम बहुतेक वेळा वाटेत गळून पडतो. नियम टिकायचा असेल, तर मुले जिथे हमखास चुकतात नेमके तिथेच हसू यावे लागते.

मराठी शुद्धलेखनात अशी एक हमखास चुकीची जागा आहे. ‘दीर’, ‘मूल’, ‘वकील’ या शब्दांत शेवटून दुसरे अक्षर दीर्घ असते. शब्दाला ला, ने, चा असे प्रत्यय लागले की ते ह्रस्व होते: दिराला, मुलाने, वकिलाचा. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले तत्सम शब्द मात्र दीर्घच राहतात: वीराला, दूताने, शरीराचा. पाठ्यपुस्तकात हा नियम ‘उपान्त्य’ आणि ‘सामान्यरूप’ या शब्दांत येतो. तो पाठ असलेली मुलेसुद्धा निबंधात ‘दीराला’ लिहून मोकळी होतात.

इथे उपयोगी पडणारा किस्सा घरगुती आहे. बाजारातून आलेली वहिनी म्हणते, “भाऊजी, एवढी पिशवी धरा.” पिशवीत पाच किलो बटाटे. पिशवी हातात येताच ताठ उभा असलेला दीर वाकतो. ही पिशवी म्हणजे प्रत्यय. शिक्षक फळ्यावर ‘दीर’ लिहितो, पुढे ‘ला’ जोडतो आणि दुसरी वेलांटी पुसून पहिली काढतो: दिराला. मग शेजारी ‘वीर’ लिहून वर्गाला विचारतो, हा वाकेल का? वर्ग एका सुरात ओरडतो, “वीर वाकत नाही!” म्हणून ‘वीराला’. दोन्ही शब्दांत फरक एकाच अक्षराचा, त्यामुळे एकातून नियम आणि दुसऱ्यातून अपवाद जोडीनेच लक्षात राहतात.

अर्थात, एखादा शब्द तत्सम आहे की नाही हे या किश्श्यातून कळत नाही. ते वाचनाने आणि सरावानेच कळते. मुलांना नियम कळला की नुसता किस्सा आवडला, हे तपासायचे तर किश्श्यात नसलेले शब्द द्यावेत. ‘गरीब’ला प्रत्यय लावून ‘गरिबाला’ आणि ‘रूप’ला लावून ‘रूपाला’ असे लिहून आले, तर नियम पोचला.

बीजगणितात हमखास चूक होते ती (a + b)² या विस्तारात. मुले a² + b² लिहितात आणि मधले 2ab गायब करतात. इथे महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावाला कळेल असा विनोद जमिनीच्या वाटणीचा. दोन भावांचा चौरस प्लॉट, बाजू 10 मीटर, क्षेत्रफळ 100 चौरस मीटर. थोरला म्हणतो, बाजूचे 7 मीटर माझे. धाकटा म्हणतो, 3 माझे. थोरला एका कोपऱ्यात 7 × 7 चा चौरस आखतो, धाकटा समोरच्या कोपऱ्यात 3 × 3 चा. दोघे खुशीत घरी जातात. तलाठी बेरीज करतो: 49 आणि 9, झाले 58. सातबाऱ्यावर तर 100 आहेत! उरलेले 42 चौरस मीटर कोणी खाल्ले?

आकृती काढली की चोर सापडतो. 7 × 3 च्या दोन पट्ट्या तशाच पडून आहेत, 21 आणि 21. याच पट्ट्या म्हणजे 2ab. पुढे एखाद्या मुलाने a² + b² लिहिले, तर शिक्षकाने “पट्ट्या कुठे गेल्या?” एवढेच विचारावे.

हाच प्लॉट (a − b)² लाही चालतो. लगतच्या दोन बाजूंनी रस्ता रुंद करायला 3 मीटरची पट्टी घेतली. कारकुनाने 100 मधून 30 आणि पुन्हा 30 वजा केले, उरले 40. मालक आरडाओरडा करतो, कारण कोपऱ्यातले 9 चौरस मीटर दोन्ही पट्ट्यांत मोजले गेले, म्हणजे दोनदा कापले गेले. ते परत मिळाले की 49 होतात, म्हणजे 7 चा वर्ग. शेवटच्या b² ला अधिक चिन्ह का, हे त्या आरडाओरड्यावरून ध्यानात राहते. घनाच्या सूत्राला मात्र हा प्लॉट पुरत नाही. तिथे ठोकळेच हवेत.

नुसत्या गमतीदार आवाजावर उभी असलेली युक्ती कधीकधी उलटते. ‘कंचेभागुबेव’ हा शब्द उच्चारतानाच हसू येते आणि कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम पाठ होतो. पण त्यात ‘बे’ आधी आणि ‘व’ नंतर येतो, म्हणून 10 − 4 + 3 सोडवताना मुले आधी 4 + 3 करतात आणि 10 मधून 7 वजा करून उत्तर 3 काढतात. बरोबर उत्तर 9 आहे, कारण बेरीज आणि वजाबाकीचा मान सारखाच असतो आणि त्या डावीकडून उजवीकडे करायच्या असतात. म्हणून या शब्दाला एक पुरवणी जोडावी लागते: ‘बे’ आणि ‘व’ एकाच बाकावर बसतात आणि हजेरी डावीकडून घेतली जाते. भागाकार आणि गुणाकार यांचाही बाक एकच.