कंगोऱ्यांवरचं पनीर

ग्रिल पॅनवर ठेवलेलं पनीर फक्त कंगोऱ्यांना टेकतं, मधल्या खाचांच्या वर ते अधांतरीच असतं. त्यामुळे रेघा ठसठशीत उमटायच्या तर सगळं काम त्या अरुंद कंगोऱ्यांनी करायचं असतं. पनीरमध्ये पाणी भरपूर. पृष्ठभागावरचं पाणी उडून जाईपर्यंत तिथलं तापमान 100 अंश सेल्सिअसच्या फारसं वर जात नाही, आणि खमंग तपकिरी रंग धरायला साधारण 140 अंश तरी लागतात. पॅन कोमट असेल तर पनीर नुसतं पाणी सोडत बसतं, चिकटतं आणि शेवटी फिकटच राहतं.

म्हणून आधी पॅन तापवायचा, तोही रिकामा. बीड हळू तापतं आणि उष्णता सगळीकडे सारखी पसरवत नाही. ज्वाळेवरचा भाग चांगलाच तापलेला असताना कडा अजून थंडच असतात. मोठ्या आचेची घाई न करता मध्यम आचेवर 6 ते 8 मिनिटं द्यावीत आणि मध्ये एकदा पॅन फिरवून घ्यावा. कडेच्या कंगोऱ्यावर पाण्याचा थेंब टाकताच तो चुरचुरून उडाला, की पॅन तयार. नॉनस्टिक पॅनला मात्र हा नियम लावू नये. त्याचं आवरण साधारण 260 अंशांपुढे खराब होऊ लागतं, आणि रिकामा पॅन तिथवर लवकर पोचतो.

आता तेल. ते पॅनमध्ये ओतलं की थेट खाचांत उतरतं. तिथे पनीर पोचतच नाही. तेल नुसतं धुरतं, जळतं आणि घासून निघत नाही असा चिकट थर मागे ठेवतं. तेल हवं ते पनीर आणि कंगोरा यांच्यामध्ये, म्हणून ते पनीरलाच चोळायचं. 200 ग्रॅम पनीरचे दीड सेंटिमीटर जाडीचे काप करावेत, स्वच्छ फडक्याने टिपून कोरडे करावेत आणि दीड चमचा रिफाइंड शेंगदाणा तेल, मीठ, मिरपूड हलक्या हाताने लावावी. दह्याचं किंवा मधाचं मसालेदार लेपण असेल तर जास्तीचं निपटून टाकावं, नाहीतर पनीर भाजण्याआधी तेच करपतं.

काप तिरपे आणि सुटे ठेवावेत. दाटी केली की सुटलेली वाफ आतच कोंडते. मग दोन मिनिटं हात लावायचा नाही, आणि खरी परीक्षा इथेच असते! उलथन्याने कोपरा उचलून पाहावा. ओढावा लागला तर रेघ अजून धरलेली नाही, आणखी अर्धा मिनिट थांबावं. धरली की काप बहुधा आपणहून सुटतो. चौकड्या हव्या असतील तर तोच काप काटकोनात वळवून पुन्हा मिनिटभर ठेवावा. उलटताना पॅनच्या मोकळ्या जागेवर ठेवावा, कारण आधीच्या जागेचे कंगोरे निवलेले असतात.

रेघांच्या मधलं पनीर मात्र फिकटच राहतं, त्यामुळे नुसत्या खमंगपणाचा विचार केला तर सपाट बिडाचा तवाच सरस ठरतो.