तारखेसोबत तयारीही कळवा

गरोदर बाईला तपासणीची नुसती तारीख कळवली, तर ती येते, पण कधी कधी तपासणी न होताच परत जाते. साखरेच्या तपासणीचंच बघा. शेवटची पाळी 1 जानेवारी 2025 ला आली असेल, तर 24 ते 28 आठवड्यांचा काळ 18 जून ते 16 जुलै असा येतो. पहिल्या भेटीत साखर ठीक निघाली, तरी या काळात ती पुन्हा तपासतात. आशाताईंनी आठवडाभर आधी असा निरोप पाठवावा:

“ताई, बुधवारी साखरेची तपासणी आहे. उपाशी येऊ नका, नाश्ता करून या. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यावं लागेल, दोन तासांनी रक्त घेतील. तोवर तिथेच बसायचं आहे. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागेल. कार्ड आणा.”

साखर 140 किंवा त्याहून जास्त आली, तर गरोदरपणातला मधुमेह समजून आधी आहार बदलतात. काही दवाखाने मात्र उपाशीपोटी तपासणी करतात. म्हणून निरोप पाठवण्याआधी आपल्या दवाखान्याची पद्धत विचारून घ्या.