पेनातलं इन्सुलिन सिरिंजने काढू नका

कामठीच्या मेडिकलमध्ये इन्सुलिनची बाटली मागितली, तर बहुधा ४० युनिटवाली मिळते, म्हणजे दर मिलिलिटरला ४० युनिट. पेनातल्या कार्ट्रिजमध्ये मात्र तेवढ्याच थेंबांत १०० युनिट असतात. सिरिंजाही म्हणूनच वेगळ्या: ४० साठी लाल टोपणाची, १०० साठी केशरी.

घोटाळा होतो तो पेन अडकल्यावर किंवा सुई संपल्यावर. घरातली जुनी लाल सिरिंज कार्ट्रिजमध्ये खुपसून कुणी २० च्या रेघेपर्यंत औषध ओढतं. ती रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर, आणि पेनातल्या औषधाचे ५० युनिट. अडीचपट डोस! घाम, थरथर, बरळणं दिसलं तर साखर तपासा. ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या आणि दवाखाना गाठा, कारण साखर पुन्हा उतरू शकते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका.

उलट, ४० ची बाटली आणि केशरी सिरिंज अशी जोडी जमली, तर २० ऐवजी आठच युनिट जातात आणि साखर चढलेलीच राहते.

बाटलीवरून त्याच इन्सुलिनच्या पेनवर जाताना, डॉक्टरांनी बदललं नसेल तर, २० चे २० च फिरवायचे; हिशेब पेन स्वतःच करतं.